ऑइलचा लाल दिवा लागला, तर मेकॅनिकला नेमकं काय सांगायचं?

"गाडीचा दिवा लागतोय, जरा बघा." गाडी दुरुस्तीला आली की बहुतेक वेळा सुरुवात इथूनच होते. मग मी गाडी सुरू करतो, मीटरकडे बघतो, तर एकही दिवा लागलेला नसतो. दिवा लागला तो काल संध्याकाळी, रस्त्यावर, गाडी तापलेली असताना. माझ्यासमोर आज सकाळची थंड गाडी उभी असते. त्या क्षणी गाडीत काय झालं, हे पाहिलेला आणि ऐकलेला माणूस एकच, तो म्हणजे गाडी चालवणारा. त्यामुळे तो काय सांगतो यावर माझा पुढचा अख्खा दिवस ठरतो.

मीटरवर दिवे अनेक असतात, पण इथे मी एकाच दिव्याबद्दल बोलणार आहे. झारीसारखं चित्र, तिच्या तोंडातून पडणारा एक थेंब आणि रंग लाल. हा ऑइल प्रेशरचा दिवा. हाच निवडण्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे याच्याकडे दुर्लक्ष केलं तर काही मिनिटांत इंजिन कायमचं खराब होऊ शकतं. दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. पिवळा इंजिनचा दिवा लागतो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा कोड साठवून ठेवतो, आणि बहुतेक वेळा त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, गाडीचा वेग किती होता, पाणी किती तापलं होतं, हेही लिहून ठेवतो. स्कॅनर लावला की ते आम्हाला वाचता येतं. ऑइलच्या लाल दिव्याचं तसं नाही. कितीतरी गाड्यांत, विशेषतः जुन्या, तो एका साध्या स्विचला वायरने जोडलेला असतो. प्रेशर उतरलं की दिवा लागतो, चढलं की विझतो आणि मागे काहीच नोंद उरत नाही. स्कॅनर लावून बघितला तर सगळं ठीकच दिसतं. म्हणजे कॉम्प्युटरने ठेवायची ती नोंद इथे तुम्हालाच ठेवावी लागते.

आधी हा दिवा नेमकं काय सांगतो ते बघू. इंजिनच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो. त्यात बुडालेल्या नळीच्या टोकाला जाळी असते, तिला आम्ही स्ट्रेनर म्हणतो. पंप या जाळीतून ऑइल ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि ते क्रँकच्या बेअरिंगपासून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत सगळीकडे पोचतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही कितीतरी पातळ थर असतो आणि धातू त्या थरावर तरंगत फिरतो. थर टिकवायचं काम प्रेशरचं. प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेलं की स्विच दिवा लावतो. गाडीनुसार हा आकडा थोडा बदलतो, पण तो नेहमी असाच खालचा असतो. तापलेलं निरोगी इंजिन जागेवर हळू फिरत असतानाही साधारण 1 बार किंवा त्याहून जास्त प्रेशर देतं, आणि रेस दिली की ते 3-4 बारपर्यंत चढतं.

म्हणून ऑइलचा दिवा म्हणजे "ऑइल कमी आहे" असा निरोप नव्हे. काही गाड्यांत ऑइलची पातळी कमी झाल्याचा वेगळा पिवळा दिवा असतो. लाल दिवा एवढंच सांगतो की प्रेशर एका रेषेच्या खाली गेलं. ते कशामुळे गेलं, हे दिव्याला माहीत नसतं. ते कळतं, कोणत्या वेळी गेलं यावरून.

ती वेळ इतकं का सांगते, ते बघा. पंप इंजिनवरच चालतो. इंजिन हळू फिरतं तेव्हा पंपही हळू फिरतो आणि प्रेशर सगळ्यात कमी असतं. त्यातच ऑइल तापून पातळ झालेलं असतं. समजा, बराच वेळ गाडी चालवून तुम्ही सिग्नलला थांबलात, दिवा लुकलुकला आणि ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवताच विझला. तर माझं लक्ष झिजलेल्या बेअरिंगकडे, झिजलेल्या पंपाकडे किंवा भरलेलं ऑइल गरजेपेक्षा पातळ आहे का, तिकडे जातं. फटी वाढल्या की ऑइल त्यातून लवकर निसटतं आणि हळू फिरणारा पंप ती तूट भरून काढू शकत नाही.

आता दुसरी परिस्थिती घ्या. जोरात वळण घेताना, कचकन ब्रेक मारताना किंवा तीव्र चढावर दिवा क्षणभर लागतो आणि गाडी सरळ झाली की जातो. इथे चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकलं, जाळी उघडी पडली आणि पंपाने हवा ओढली. याचा अर्थ बहुतेक वेळा ऑइल खरोखरच कमी आहे, तेही बरंच कमी. डावीकडे वळताना लागतो की उजवीकडे, हेही लक्षात राहिलं तर जरूर सांगा.

तिसरी वेळ म्हणजे सकाळची पहिली सुरुवात. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागायलाच हवा. लागत नसेल तर दिवा किंवा त्याची वायर गेली आहे, आणि तेही सांगायला हवं, कारण खरी वेळ आली तरी तो लागणार नाही. इंजिन सुरू झालं की तो लगेच विझतो. विझायला तीन-चार सेकंद लागत असतील आणि तेवढाच वेळ वरून टिकटिक ऐकू येत असेल, तर रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल खाली उतरून गेलं असण्याची शक्यता असते. फिल्टरच्या आत ऑइल अडवणारी एक रबरी झडप असते, ती नीट बसत नसली की असं होतं.

चौथी वेळ सगळ्यात कमी दिसणारी, पण फार धोक्याची. गाडी जागेवर असताना काही नाही आणि हमरस्त्यावर वेगात बराच वेळ चालवल्यावर दिवा लागतो. हे नेहमीच्या अगदी उलट आहे. इंजिन जोरात फिरताना प्रेशर वाढायला हवं, तर ते पडतंय. म्हणजे पंपाला हवं तेवढं ऑइल मिळत नाही. असं का होतं, ते पुढच्या एका गाडीवरून कळेल.

त्याआधी आवाजाबद्दल बोलायला हवं, कारण सांगताना सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. लोक म्हणतात, "टॅपेटचा आवाज येतो" किंवा "बेअरिंग वाजतंय". हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं आणि अर्ध्या वेळा ते चुकीचं असतं. सुट्या भागाचं नाव सांगू नका, आवाज जसा ऐकला तसाच सांगा. तोंडाने काढून दाखवला तरी चालेल, अगदी मोकळेपणाने काढून दाखवा. टिकटिक, ठकठक, खडखड, किर्र, शीळ हे शब्द मराठीत आहेतच आणि मेकॅनिकला ते फार उपयोगी पडतात. टिकटिक हलकी असते, शिलाई मशीनसारखी, आणि बहुतेक इंजिनच्या वरच्या भागातून येते. कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट यांच्यातली फट ऑइलच्या प्रेशरनेच भरलेली राहते. प्रेशर पडलं किंवा ऑइलमध्ये हवेचे बुडबुडे मिसळले की ती फट उघडते आणि टिकटिक सुरू होते. ठकठक जड असते, खालून येते, लाकडावर हातोडी मारल्यासारखी. गाडी ओढताना, चढावर ती वाढते. ती बहुधा क्रँकच्या बाजूची असते. लाल दिवा आणि खालची ठकठक एकत्र आली, तर आता एक किलोमीटरही गाडी चालवायची नाही.

आवाजाचा ताल कशाबरोबर बदलतो, ही तर फार मोठी खूण आहे. इंजिनच्या वेगाबरोबर की चाकांच्या वेगाबरोबर? गिअर बदलला, इंजिन हळू झालं, पण गाडी तेवढ्याच वेगाने जात होती. तेव्हा आवाजही हळू झाला का? झाला असेल तर तो इंजिनचा. तसाच राहिला असेल तर चाकाचा, ब्रेकचा किंवा ॲक्सलचा, आणि मग त्याचा ऑइलच्या दिव्याशी बहुधा काही संबंध नाही. हे तपासण्यासाठी मुद्दाम गाडी चालवू नका. जे घडलं, त्यातलं आठवून सांगा. आणखी एक आठवण ताजी असतानाच पकडून ठेवायची: आवाज आधी आला की दिवा? दिवा अगदी खालच्या प्रेशरला लागतो, त्यामुळे कधी कधी टिकटिक आधी सुरू होते आणि दिवा नंतर येतो. आवाज अजिबात नाही, दिवा मात्र इंजिन थंड असो, गरम असो, हळू असो, जोरात असो, सतत लागलेला, असं असेल तर स्विच किंवा वायर खराब असण्याची शक्यता वाढते. पण ते ठरवायचं प्रेशर मोजणारा गेज लावून. आवाज नाही म्हणून स्विचच गेलाय, असा निष्कर्ष रस्त्यावर काढून गाडी पुढे दामटलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची इंजिनं उघडलेलीही पाहिली आहेत.

आता ती गाडी. पेट्रोलची, फार जुनी नव्हे. मालकीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, ऑइलचा दिवा कधी कधी लागतो." मी डिपस्टिक काढली, ऑइल पुरेसं होतं, स्वच्छ होतं. इंजिन सुरू केलं, तापू दिलं, दिवा लागला नाही, आवाज नव्हता. मी प्रेशर स्विच बदलला आणि गाडी दिली. आज विचार करतो तेव्हा कळतं की मी "कधी कधी म्हणजे कधी?" हे विचारलंच नाही. स्विच ही नेहमी बिघडणारी वस्तू, म्हणून मी तिथेच थांबलो. ते चुकलं होतं.

सहा दिवसांनी त्यांचा फोन आला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. मी म्हटलं, "ताई, चावी काढून ठेवा, परत सुरू करून बघू नका. मी उचलायला गाडी पाठवतो. तोवर जे जे झालं ते कागदावर लिहा, वाटेल तेवढं बारीक लिहा." त्यांनी जे लिहिलं ते जवळपास असं होतं:

"घरून निघाले तेव्हा दिवा व्यवस्थित लागून विझला. शहरात वीस मिनिटं चालवली, तीन-चार सिग्नलला थांबले, काही नाही. मग मोठ्या रस्त्याला लागले. 90च्या वेगाने दहा मिनिटं गेल्यावर पुढून, वरच्या बाजूने टिकटिक ऐकू यायला लागली. रेडिओ बंद केला तर स्पष्ट ऐकू आली. पाय काढला की टिकटिक हळू व्हायची. मिनिटभराने लाल दिवा लुकलुकला, मग लागूनच राहिला. कडेला घेऊन लगेच बंद केली. मागच्या वेळीही वेगातच लागला होता, तेव्हा मी वेग कमी केला आणि तो विझला. त्या वेळी आवाज नव्हता, किंवा रेडिओमुळे ऐकू आला नसेल. तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे खालून ऑइल गळतं म्हणून काम करून घेतलं होतं. त्यानंतर गळणं थांबलं."

हा कागद वाचता वाचताच निम्मं काम झालं. सिग्नलला तापलेल्या इंजिनवर दिवा लागत नव्हता, म्हणजे झिजलेल्या बेअरिंगची शक्यता मागे पडली. वळणावर लागत नव्हता आणि डिपस्टिकवर पातळी ठीक होती, म्हणजे ऑइल कमी नव्हतं. वेगात, आणि तेही बराच वेळ वेगात राहिल्यावरच लागत होता, म्हणजे पंपाची तहान भागत नव्हती. टिकटिक वरून आणि दिव्याच्या आधी, म्हणजे प्रेशर हळूहळू उतरत होतं किंवा ऑइलमध्ये हवा मिसळत होती. आणि शेवटचं वाक्य, जे त्यांनी जाता जाता लिहिलं होतं, ते सगळ्यात मोलाचं ठरलं. खालून गळणारं ऑइल थांबवायचं म्हणजे चेंबर उतरवायचा आणि परत बसवताना कडेला सीलंट लावायचं. ते रबरासारखं घट्ट होतं. गरजेपेक्षा जाड लावलं की दोन पत्र्यांमध्ये दाबलं जाऊन आतल्या बाजूलाही ओघळतं, सुकतं आणि त्याचे तुकडे तुटून ऑइलमध्ये पडतात.

तरी मी थेट चेंबर उघडला नाही. संशय आणि माप यांत फरक असतो. स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लावला. इंजिन तापल्यावर जागेवर प्रेशर दीडेक बार होतं, उत्तम. 3000 आरपीएमला धरून ठेवलं तेव्हा काटा आधी 4 बारच्या आसपास गेला. मग दोन मिनिटांतच तो थरथरायला लागला, 3, अडीच, 2 असा उतरू लागला आणि वरून टिकटिक सुरू झाली. मी तिथेच इंजिन बंद केलं. दिवा लागेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता, उलट नुकसान होतं. पाच मिनिटं थांबून परत सुरू केलं, तर काटा पुन्हा 4 वर. इंजिन बंद असताना जाळीला चिकटलेले तुकडे सुटून खाली बसतात आणि जोरात ओढ लागली की पुन्हा येऊन चिकटतात. म्हणूनच पहिल्या दिवशी माझ्याकडे दिवा लागला नव्हता. मी गाडी जागेवर, हळू चालवून बघत होतो.

चेंबर उतरवला. स्ट्रेनरच्या जाळीवर करड्या रबराचे चिटोरे बसले होते, अर्ध्याहून अधिक जाळी झाकलेली होती. सगळं सीलंट खरवडून काढलं, चेंबर धुतला, जाळी साफ केली. नंतर जुना फिल्टर कापून त्याची कागदी घडी उजेडात उलगडली. हे काम मी कधी टाळत नाही, कारण बेअरिंग खरवडलं गेलं असेल तर तिथे धातूची बारीक चमक दिसते. चमक नव्हती. बाईंनी दिवा स्थिर लागताच इंजिन बंद केलं होतं, त्यामुळे ते वाचलं.

त्यांच्या कागदात अजून एक चांगली गोष्ट होती, ती म्हणजे त्यात निदान नव्हतं. "पंप गेलाय वाटतं" असं त्यांनी लिहिलं असतं तर मी आधी पंपाकडे वळलो असतो. मेकॅनिकही माणूस आहे, समोरच्याने नाव घेतलेल्या भागाकडे त्याची नजर जातेच. तुम्हाला काही वाटत असेल तर ते वेगळं सांगा, शेवटी सांगा, आणि "हा माझा अंदाज" असं म्हणून सांगा.

कागद नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवा, पण त्याच दिवशी. दोन दिवसांनी "वेगात" याचं "चालवताना" होतं आणि मग "कधी कधी" होतं. किलोमीटरचा आकडा लिहा. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला मीटरचा फोटो काढू द्या, म्हणजे झारीचं चित्र आणि इंजिनचं चित्र यांत गफलत होणार नाही. चालवणाऱ्याने मात्र फोन हातात घ्यायचा नाही. आणि मला दाखवण्यासाठी दिवा पुन्हा लावून बघायचा, हा मोह पूर्ण टाळा. पिवळ्या दिव्याच्या बाबतीत तो प्रकार एक वेळ चालून जाईल, लाल झारीच्या बाबतीत नाही. दिवा लागला, सुरक्षित जागा दिसली की थांबा, बंद करा, सपाट जागेवर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि पातळी कुठे होती तेही लिहा. टॉप-अप केलंत तर किती घातलं आणि कोणत्या ग्रेडचं, हे लिहून ठेवा, नाहीतर ऑइल मुळात किती कमी होतं हे मला कधीच कळणार नाही.

गेल्या काही महिन्यांत गाडीला काय काय केलं, तेही सांगा. ऑइल कधी बदललं, कोणतं भरलं, चेंबर उघडला होता का, खालून दगड लागला होता का. चेंबर आत चेपला तर तो थेट जाळीला टेकतो आणि दिवा पुन्हा तसाच, वेगात लागतो. या गोष्टी तुम्हाला वेगळ्या वाटतात कारण त्या वेगळ्या दिवशी घडलेल्या असतात.

त्या बाईंची गाडी दुरुस्त झाल्यावर आम्ही दोघं तिला त्याच रस्त्यावर घेऊन गेलो, गेज तसाच लावून. मी चालवत होतो, त्या काट्याकडे बघत होत्या. 90ला वीस मिनिटं झाली. काटा 4 बारवर स्थिर होता. रेडिओ बंद होता, वरून काही ऐकू येत नव्हतं. एक हजार किलोमीटर झाल्यावर परत या, फिल्टर पुन्हा कापून बघू, असं मी त्यांना सांगितलं, कारण एखादा चिटोरा कुठेतरी अडकून राहिलेला असू शकतो. त्या आल्या. फिल्टरमध्ये दोन छोटे करडे तुकडे सापडले, तिथेच अडकलेले, पुढे गेले नव्हते.